चमचा म्हणजे किती?

लोटे औद्योगिक वसाहतीत पाळीवर असलेल्या बापाच्या फोनवर घरून तापाच्या औषधाच्या इंग्रजी पत्रकाचा फोटो येतो. तो मराठीत कळवतो, 'एक चमचा, चारदा.' घोळ इथेच होतो. पॅरासिटामॉलच्या ५ मिली सिरपमध्ये कुठे १२० मिलिग्रॅम औषध असते, कुठे २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. दुसऱ्या बाटलीचा ५ मिलीचा चमचा म्हणजे जादा डोस. म्हणून नीट लिहावे : '२५०ची बाटली, मापाने अडीच मिली, सहा तासांच्या आत पुन्हा नाही, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही.' फोटोत ५ आहे की १५, हे दिसत नसेल तर आकडा अंदाजाने भरू नये. तिथे 'अस्पष्ट, औषधविक्रेत्याला विचारा' असेच लिहावे. 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार' या शब्दांत तर मात्राच नसते.