३० एप्रिल की १ मे?

हजेरीपट : नोकरी आणि तिची कागदपत्रं यांवरचं साप्ताहिक सदर

बऱ्याच कंपन्यांत अनुभवाचा दाखला कुणी लिहीत नाही, जुन्यावरून उतरवून काढतात. एचआरमधलं कुणीतरी मागच्या वर्षी गेलेल्या माणसाची फाइल उघडतं, नाव बदलतं, तारखा बदलतं आणि एखाद्या ओळीत 'तिने'चं 'त्याने' करायचं राहूनच जातं. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ हे तीन शब्द मात्र न चुकता येतात. सात वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातात असा कागद पडतो आणि तोही आनंदाने घेऊन जातो, कारण त्या दिवशी त्याचं लक्ष नव्या नोकरीकडे असतं. कागदातली चूक पुढे कळते. कळते तेव्हा दाखला लिहिणाराही बहुधा कंपनी सोडून गेलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दाखल्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून पाहता आलं पाहिजे. जे ताडता येत नाही ते काढून टाकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आधी दोन कागदांमधला फरक. रिलिव्हिंग लेटर त्या कर्मचाऱ्याच्या नावाने असतं. अमुक तारखेचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक दिवशी कामाची वेळ संपल्यापासून आपण कार्यमुक्त आहात, एवढंच त्यात सांगायचं असतं. अनुभवाचा दाखला कुणा एकाच्या नावाने नसतो. पुढचा मालक, बँक, व्हिसाचा अधिकारी, कुणीही तो वाचेल. नोटिशीत किती दिवसांची सूट दिली, लॅपटॉप परत आला का, ही आतली बोलणी पहिल्या कागदात चालतात, दुसऱ्यात नाहीत. दोन्ही एकाच पानावर दिले की दहा वर्षांनी परक्या देशातल्या अधिकाऱ्यासमोर नोटीस-कपातीचा हिशेबही ठेवावा लागतो. म्हणून कागद दोन हवेत.

आता एक उदाहरण घेऊ. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना. एक अभियंता १६ जुलै २०१८ ला ट्रेनी म्हणून लागला. वर्षाने क्वालिटी इंजिनिअर म्हणून कायम झाला, १ एप्रिल २०२२ ला सीनिअर इंजिनिअर झाला. ३ मार्च २०२५ ला त्याने राजीनामा दिला. नियुक्तिपत्रात नोटीस साठ दिवसांची होती. राजीनाम्याचा दिवस धरून मोजलं तर मार्चचे एकोणतीस, एप्रिलचे तीस आणि साठावा दिवस १ मे. महाराष्ट्र दिन. कारखाना बंद.

साहजिकच त्याने ३० एप्रिललाच ओळखपत्र आणि गेज जमा केले, सगळ्यांचा निरोप घेतला. विभागाने लिहून दिलं, शेवटचा दिवस ३० एप्रिल. पगार विभागाने मात्र नोटीस पूर्ण धरून १ मेची भरपगारी सुट्टी मोजली, मेच्या एका दिवसाचा पगार काढला आणि त्यावर पीएफही भरला. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकणाऱ्याची सवय महिनाअखेर टाकायची, त्याने ३१ मे टाकली. एकाच माणसाच्या एकाच नोकरीला आता तीन शेवट झाले. नव्या कंपनीत तो २ मे रोजी रुजू झाला होता. तिथल्या पडताळणी करणाऱ्या एजन्सीला यूएएनवरच्या सेवेच्या तपशिलात दिसतं की, हा गृहस्थ जवळजवळ महिनाभर दोन ठिकाणी नोकरीला होता. चोरून दुसरी नोकरी करणाऱ्यांना पकडायला त्या एजन्सीचा माणूस हेच शोधत बसलेला असतो.

खरी तारीख १ मे. नोकरी करारानुसार संपते, ओळखपत्र जमा केल्याने नव्हे. कंपनीला ३० एप्रिललाच सोडायचं असेल तर रिलिव्हिंग लेटरमध्ये एका दिवसाची नोटीस माफ केल्याचं लिहावं आणि मग मेचा पगारही काढू नये. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण पत्र, पगार आणि पीएफ तिन्हीकडे एकच हवं. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. ०१/०५ हा आपल्याला १ मे, तर अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला ५ जानेवारी.

पीएफची तारीख एकदा चुकली की ती दुरुस्त करायला अनेकदा कंपनी आणि कर्मचारी दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. कंपनीने तारीख टाकलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला ती स्वतः पोर्टलवर नोंदवता येते, ही सोय २०२० पासून आहे. पण चुकीची टाकलेली तारीख न टाकलेल्या तारखेपेक्षा जास्त छळते.

शेवटच्या तारखेइतकीच पहिलीही चुकते. पुष्कळ दाखल्यांत ट्रेनीचं वर्ष गाळून 'कायम' झाल्याच्या तारखेपासून नोकरी मोजतात. कायदेशीर ॲप्रेंटिस म्हणून, विद्यावेतनावर घेतलेल्याची गोष्ट वेगळी. आपल्या अभियंत्याला पहिल्या महिन्यापासून पगार होता, पीएफ कापला जात होता. त्याची नोकरी १६ जुलै २०१८ लाच सुरू झाली. यात पैशाचाही प्रश्न आहे. त्याची सेवा सहा वर्षं साडेनऊ महिने झाली आणि ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे सात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर सव्वीस दिवसांच्या हिशेबाने पंधरा दिवसांचे १५,००० आणि सात वर्षांचे १,०५,०००. ट्रेनीचं वर्ष गाळलं की सहाच वर्षं भरतात आणि ९०,००० उरतात. दाखला लिहिणाऱ्याच्या मनात पैसे बुडवणं नसतं, तो फक्त 'कन्फर्मेशन'चा रकाना बघतो. पण हिशेब करणारा मग त्याच दाखल्यावर बोट ठेवतो.

तारखांनंतर दाखल्यातला खरा मजकूर म्हणजे काम. 'गुणवत्ता विभागाची सर्व कामे समाधानकारकपणे पार पाडली' या वाक्यातून काय कळतं? काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा:

'जुलै २०१९ ते मार्च २०२२ या काळात क्वालिटी इंजिनिअर म्हणून त्यांनी आवक मालाची तपासणी, गेजचे कॅलिब्रेशन आणि नव्या भागांच्या मंजुरीची कागदपत्रे हे काम पाहिले. एप्रिल २०२२ पासून सीनिअर इंजिनिअर म्हणून दोन मशीनिंग लाइनची गुणवत्ता आणि ग्राहकांच्या तक्रारींचे मूळ कारण शोधणे ही जबाबदारी त्यांच्याकडे होती. तीन तपासनीस त्यांच्या हाताखाली होते. नोकरी पूर्णवेळ, आठवड्याला ४८ तास.'

यात ग्राहकाचं नाव नाही, ड्रॉइंगचा नंबर नाही, म्हणजे गोपनीयतेचाही भंग नाही. तासांचं वाक्य आपल्याकडे विचित्र वाटतं, पण कॅनडाला कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्याला तेच लागतं. तिथे अनुभवाच्या पत्रात पदं, प्रत्येक पदावरची कामं, तारखा, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार, शिवाय सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा मागतात. आठवड्याला तीस तास म्हणजे पूर्णवेळ, असा त्यांचा हिशेब. सोडताना कुणाच्याच डोक्यात कॅनडा नसतो. पाच वर्षांनी तो डोक्यात येतो, तेव्हा जुना साहेब निवृत्त आणि एचआरचं उत्तर ठरलेलं: आम्ही फक्त हुद्दा आणि तारखा देतो. म्हणून कामाचा परिच्छेद नोटिशीच्या काळातच विभागप्रमुखाकडून लिहून घ्यावा. कर्मचाऱ्याने कच्चा मसुदा दिला तरी हरकत नाही, पण तो साहेबाने वाचलेला असावा. पगाराचा आकडा मात्र वेगळ्या पत्रात, मागितला तरच.

वागणुकीचं एक वाक्य आपल्याकडे लागतंच. 'त्यांची वर्तणूक चांगली होती' इथे थांबावं. त्यापुढची विशेषणं वाचणाऱ्याला संशय आणतात किंवा कंटाळा. जर्मनीत या विशेषणांची चक्क सांकेतिक भाषा झाली. 'पूर्ण समाधान' आणि 'सर्वाधिक पूर्ण समाधान' यांत तिथले मालक प्रतवारी वाचतात, आणि ती लपवाछपवी थांबावी म्हणून तिथल्या कायद्याला सांगावं लागलं की दाखल्यात छुपा अर्थ असलेली खूण नको. आपल्याकडे अजून तरी गोड शब्दांना अर्थच नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आता जिथे माझं मालकांशी भांडण आहे ते. नोटिशीचे पैसे भरले नाहीत, प्रशिक्षणाचा बाँड मोडला, हँडओव्हर नीट दिला नाही, की कंपन्या दाखला अडकवून ठेवतात. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या केंद्रीय नमुन्यात कायम कामगाराला सेवेच्या दाखल्याचा हक्क दिलेला होता, आणि तो बडतर्फ झालेल्यालाही होता. व्यवस्थापक मंडळी त्या नियमांत बसत नसत, पण त्यामागचा विचार सगळ्यांना लागू पडतो. माणूस कसाही गेला असो, तो अमुक ते अमुक तारखेपर्यंत इथे कामाला होता हे घडून गेलेलं आहे, आणि घडून गेलेलं तारण ठेवता येत नाही. पैशाचा वाद असेल तर तो हिशेबात दाखवावा, वसुलीची नोटीस पाठवावी, हवं तर कोर्टात जावं. रिलिव्हिंग लेटरमध्येही 'येणी-देणी स्वतंत्र पत्राने कळवू' असं एक वाक्य पुरतं.

उलट बाजूने एक फसवं वाक्य त्याच पत्रात शिरतं: 'कंपनीकडून मला काहीही येणे नाही.' त्याखाली कर्मचाऱ्याची सही मागतात. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. शेवटच्या दिवशी ती खात्यात आलेली नसताना या वाक्याखाली सही करू नये. मागितलीच तर आधी हिशेबाचा कागद मागावा, आणि सही करताना 'ग्रॅच्युइटी वगळून' हे शब्द हाताने लिहून त्या पानाची प्रत घ्यावी.