विश्लेषण : टोमॅटोचा भाव जुलैत चढतो, पण कराचा पहिला हप्ता १५ जूनलाच! कमी-जास्त उत्पन्नाच्या व्यावसायिकांनी अॅडव्हान्स टॅक्सचा अंदाज कसा बांधायचा?

जुलै २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळाला. त्याआधी एप्रिल-मेमध्ये टोमॅटोला विचारायला कोणी तयार नव्हते आणि सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा कोसळले. म्हणजे साडेपाच महिन्यांत बाजार तळाला होता, शिखरावर गेला आणि परत तळाला आला. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. पण त्याच मालाची आडत घेणाऱ्या आडत्याच्या कमाईवर कर आहे आणि तो वर्ष संपण्याआधी, अंदाजाने, हप्त्याहप्त्याने भरावा लागतो. नारायणगाव असो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा असो की आंबेगाव तालुक्यातील मंचरचा भाजीपाला, प्रश्न एकच : ज्याला पुढच्या आठवड्याचा भाव ठाऊक नाही, त्याने वर्षाचे उत्पन्न कसे सांगायचे?

अॅडव्हान्स टॅक्स कोणाला आणि कधी भरावा लागतो?

वर्षाचा एकूण कर, त्यातून टीडीएस वजा केल्यावर, १० हजार रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर अॅडव्हान्स टॅक्स लागू होतो. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के रक्कम जमा झालेली असावी लागते. हे आकडे एकत्रित आहेत. सप्टेंबरमध्ये नवे ४५ टक्के भरायचे नसून जूनचे धरून ४५ टक्के पूर्ण करायचे असतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली असली, तरी हप्त्यांची ही घडी तीच आहे.

‘आम्हाला तर एकदाच मार्चमध्ये भरायचा असतो ना?’

बाजारात हे वाक्य नेहमी ऐकू येते. ते काहींच्या बाबतीत खरे आहे, सगळ्यांच्या नाही. छोट्या व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्याची योजना आहे. तिच्यात उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँक किंवा ऑनलाइन मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा धरून कर भरता येतो. ही योजना घेणाऱ्याला पूर्ण कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरण्याची मुभा आहे. उलाढालीची मर्यादा दोन कोटी रुपये असून रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ती तीन कोटी होते.

पण कमिशन किंवा दलालीचे उत्पन्न असणाऱ्याला ही योजना घेताच येत नाही. स्वतःच्या नावावर माल विकत घेऊन पुढे विकणारा व्यापारी तिच्यात बसू शकतो. शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देऊन त्यावर आडत घेणारा बसत नाही. त्याला चारही हप्ते लागू होतात. व्यापाऱ्यालाही एक धोका असतो. भाव तिप्पट झाला की तेवढ्याच क्रेटवर उलाढाल तिप्पट होते आणि मर्यादा ओलांडली जाते. तसे झाले तर मार्चची मुभा जाते आणि मागे राहून गेलेल्या हप्त्यांचे व्याज लागते.

सरासरी काढून बाराने गुणले तर?

एक उदाहरण घेऊ. समजा, नारायणगावच्या एका आडत्याला हमाली, मजुरी, गाळ्याचे भाडे असे सगळे खर्च जाऊन १५ जूनपर्यंत दीड लाख रुपये उरले. अडीच महिन्यांचे दीड लाख म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, म्हणून त्याने जूनमध्ये काहीच भरले नाही. मग तेजी आली. १५ सप्टेंबरपर्यंतची कमाई साडेनऊ लाखांवर गेली. आता तीच रीत लावली तर वर्षाचे उत्पन्न पावणेएकवीस लाखांच्या घरात जाते आणि कर सव्वादोन लाखांच्या पुढे. दोन्ही आकडे चुकीचे आहेत, कारण हंगामी धंद्यात झालेले महिने उरलेल्या महिन्यांसारखे नसतात.

त्यापेक्षा वर्षाचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा झालेल्या कमाईचा. तो वहीतून जसाच्या तसा घ्यावा. दुसरा उरलेल्या महिन्यांचा. त्यासाठी गेल्या तीन वर्षांत त्याच महिन्यांत किती उरले ते पाहावे आणि त्यातल्या मधल्या वर्षाचा आकडा धरावा. आपल्या आडत्याला १५ सप्टेंबर ते ३१ मार्च या काळात मधल्या वर्षी साडेसहा लाख उरले होते. साडेनऊ अधिक साडेसहा, म्हणजे १६ लाख. हाच हिशेब डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये पुन्हा करायचा. दर वेळी पहिला तुकडा मोठा होतो आणि अंदाजाचा भाग लहान होतो.

झालेल्या कमाईत उधारी धरायला विसरू नये. वही व्यापारी पद्धतीने ठेवली असेल, तर ज्या दिवशी माल विकला आणि पट्टी झाली त्या दिवशी आडत उत्पन्नात येते. परगावच्या खरेदीदाराने पैसे दिवाळीनंतर दिले तरी त्याने फरक पडत नाही.

जूनचा हप्ता चुकला, त्याची किंमत किती?

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी १६ लाखांवर १ लाख २० हजार रुपये कर आणि ४ टक्के उपकर, असे १ लाख २४ हजार ८०० रुपये होतात. आता त्याने सप्टेंबरमध्ये ५६,१६०, डिसेंबरमध्ये ३७,४४० आणि मार्चमध्ये ३१,२०० रुपये भरले, तर राहिला फक्त जूनचा हप्ता.

कायदा इथे कठोर आहे. जूनमध्ये तेजी कोणालाच ठाऊक नव्हती, ही सबब चालत नाही. वर्षअखेर जो कर निघेल त्यावरूनच जूनची तूट मोजली जाते. भांडवली नफा, लॉटरी, लाभांश किंवा त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झालेला धंदा यांना सवलत आहे. चालू धंद्यात अचानक वाढलेल्या कमाईला नाही.

पण दंड पाहा. तुटीवर दरमहा १ टक्का, तीन महिन्यांचा. १८,७२० रुपयांतले शंभराखालचे सोडून १८,७०० वर तीन टक्के, म्हणजे ५६१ रुपये. याउलट त्याने वर्षभर काहीच न भरता जुलैमध्ये विवरणपत्रासोबत सगळा कर भरला असता, तर चार हप्त्यांचे व्याज ६,३०० रुपये आणि एप्रिल ते जुलैचे वेगळे व्याज ४,९९२ रुपये, असे ११,२९२ रुपये जादा गेले असते. म्हणजे जूनचा अंदाज चुकणे स्वस्त आहे. सप्टेंबर आणि डिसेंबरला तो दुरुस्त न करणे महाग पडते.

भाव पडले तर भरलेले पैसे अडकतात, त्याचे काय?

हंगामात आडत्याला शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती करायला हातात पैसा लागतो. म्हणून सप्टेंबरमधली एक सूट माहीत असलेली बरी. जूनमध्ये १५ ऐवजी किमान १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ४५ ऐवजी किमान ३६ टक्के भरले असतील, तर त्या हप्त्याचे व्याज लागत नाही. आपल्या उदाहरणात ३६ टक्के म्हणजे ४४,९२८ रुपये. ५६,१६० ऐवजी एवढे भरले तरी चालले असते. मात्र ३६ टक्क्यांपेक्षा थोडे जरी कमी पडले, तर तूट पूर्ण ४५ टक्क्यांपासून मोजतात. डिसेंबर आणि मार्चला अशी सूट नाही.

समजा, पुढे बाजार बसला आणि वर्ष ११ लाख ८० हजारांवर संपले. मग कर शून्य होतो आणि भरलेली रक्कम परत मिळते. विवरणपत्र मुदतीत भरले तर त्यावर एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. उत्पन्न १२ लाखांच्या आसपास असेल तर मार्चचा हिशेब बारकाईने करावा. १२ लाख ३० हजारांवर कर ३० हजार आणि उपकर येतो, म्हणजे वरची जवळपास सगळी कमाई करात जाते. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच स्थिती राहते.

घरच्या शेतीचे उत्पन्न धरायचे का?

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न सर्वात जास्त चुकतो, कारण अनेक गाळेधारकांची स्वतःची द्राक्षबाग किंवा कांदा असतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण धंद्याच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजले जाते. धंद्याचे उत्पन्न ४ लाखांच्या वर आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल की हा नियम लागू होतो.

आपल्या आडत्याला शेतीतून ५ लाख उरले असे धरू. आधी १६ आणि ५ मिळून २१ लाखांवरचा कर काढायचा. तो २ लाख २५ हजार येतो. मग शेतीचे ५ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ९ लाखांवरचा कर, म्हणजे ३० हजार, त्यातून वजा करायचा. राहिले १ लाख ९५ हजार आणि उपकर धरून २ लाख २ हजार ८००. शेती न धरता काढलेल्या आकड्यापेक्षा हे ७८ हजारांनी जास्त आहे. हप्ते जुन्या आकड्यावर भरले असतील, तर प्रत्येक हप्ता कमी पडलेला निघेल.

भरताना काय तपासायचे?

प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर e-Pay Tax मध्ये Advance Tax (100) हा प्रकार निवडावा लागतो. वर्ष चुकीचे निवडले की पैसे भरूनही ते त्या वर्षाच्या खात्यात दिसत नाहीत. २०२५-२६ च्या कमाईसाठी मूल्यांकन वर्ष २०२६-२७ असते. १ एप्रिल २०२६ नंतरच्या कमाईसाठी नव्या कायद्यात ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आहे. त्यात कमाईचे आणि कराचे वर्ष एकच असते. काही दिवसांनी आपल्या कर खात्यात चलन दिसते की नाही ते पाहावे.

१५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अॅडव्हान्स टॅक्सच धरली जाते. तोवर वर्षाच्या कराचे ९० टक्के जमा असतील, तर एप्रिलपासूनचे वेगळे व्याज लागत नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पट्ट्यांची बेरीज पुन्हा एकदा करून राहिलेला फरक भरून टाकणे फायद्याचे ठरते.