‘नियम नाही, पाठ करा’ : इंग्रजी नकारांविषयीची एक आळशी समजूत

थ्रेड. विषय व्याकरणाचा वाटेल, पण तक्रार इतिहासाच्या विद्यार्थ्याची आहे.

आठवीत असताना आमच्या फळ्यावर पाच रकाने आखले गेले होते. अन, इन, इम, डिस, नॉन. प्रत्येकाखाली वीस-वीस शब्द. एका मुलाने ‘इम्पॉसिबल’ऐवजी ‘अनपॉसिबल’ म्हटले आणि वर्ग हसला. का चुकले, असे त्याने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले : “इंग्रजीत याला नियम नाही, पाठ करा.” आज स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांतही तेच पाच रकाने आणि तेच वाक्य आढळते. हे वाक्य खोटे आहे. त्याहून वाईट म्हणजे ते मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला असे पटवून देते की, इंग्रजी ही तर्काने समजण्याची गोष्टच नव्हे, ती ज्यांच्या घरात आहे त्यांनाच ‘कानाने’ कळते.

आधी त्या मुलाची बाजू मांडतो. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला सांगतो की देवाला काहीच अशक्य नाही. त्या ‘अशक्य’साठी टिंडेलने योजलेला शब्द ‘अनपॉसिबल’ असाच आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छापील प्रतीतही त्या जागी तोच शब्द आहे. म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा अडाणी नव्हता. त्याला फक्त चारशे वर्षे उशीर झाला होता.

मग बदलले काय? त्यासाठी इंग्रजीचे दोन थर पाहावे लागतात. खालचा थर अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जर्मानिक बोलीचा. तिचा नकार ‘अन’. वरचा थर १०६६नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आणि पुढे विद्वानांच्या लॅटिनमधून आलेला. त्याचा नकार ‘इन’. हे दोघे परके नाहीत, एकाच आदिम कुळातले चुलतभाऊ आहेत, आणि त्यांचा तिसरा भाऊ आपल्या घरी नांदतो : संस्कृतातला ‘अ’ किंवा ‘अन्’. अशक्य, अनादर, अनुचित. नकाराचा हा उपसर्ग आपण शाळेत जाण्याआधीपासून वापरत होतो, आणि शाळेने तोच आपल्याला परका करून शिकवला.

दोन थरांची भाषा मराठी माणसाला नवी असण्याचे कारण नाही. ‘न्याय’चा ‘अन्याय’ होतो आणि ‘कायदा’चे ‘बेकायदा’ होते. ‘अकायदा’ कुणी म्हणत नाही, ‘बेन्याय’ही नाही. संस्कृत शब्दाने संस्कृत नकार आणला, दरबारी शब्दाने फारसी नकार आणला. इंग्रजीत हेच घडले. ‘लॉफुल’चे ‘अनलॉफुल’ झाले, ‘लीगल’चे ‘इल्लीगल’. अर्थ एकच, वंश वेगळा.

आता फळ्यावरच्या ‘इम’च्या रकान्याविषयी. हा रकाना मुळात नसावाच. ‘इम’, ‘इल’, ‘इर’ हे वेगळे उपसर्ग नाहीत, तो ‘इन’चा संधी आहे, आणि तो रोमन लोकांच्याच जिभेवर झालेला आहे. पुढे प, ब किंवा म आला की ओठ आधीच मिटतात आणि न चा म होतो. आपण ‘संपत्ती’ लिहितो तेव्हा अनुस्वाराचा उच्चार म होतो, तो याच कारणाने. पुढे ल आला की ‘उत्’ अधिक ‘लेख’ याचे ‘उल्लेख’ होते. अगदी तसेच ‘इन’ अधिक ‘लीगल’ याचे ‘इल्लीगल’. पुढे र आला की ‘इर’ : इर्रेग्युलर, इर्रेलेव्हंट. ज्या मुलांनी संधीचे पाठ गिरवले आहेत त्यांना हे एका वाक्यात सांगता आले असते. त्याऐवजी त्यांच्याकडून शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या. ‘अन’ मात्र कुणाशीही संधी करत नाही. म्हणून अनप्लेझंट, अनरिअल, अनलकी. तिथे न जागचा हलत नाही.

इथे एखादा चतुर वाचक विचारील : मग लॅटिन शब्दाला ‘इन’ आणि देशी शब्दाला ‘अन’, एवढाच नियम ना? नाही. हा अर्धा नियम आहे, आणि तेवढ्यावर थांबणारे शिक्षक पाठांतरवाल्यांइतकेच फसवतात. ‘जस्ट’ लॅटिन आहे, पण विरुद्धार्थी ‘अनजस्ट’. ‘एबल’चे ‘अनेबल’, ‘ईक्वल’चे ‘अनईक्वल’. वरच्या थरातले शब्द रोजच्या तोंडी रुळले की खालच्या थराचा नकार त्यांनाही चिकटतो. मराठीतही ‘समज’ हा देशी शब्द, पण ‘गैरसमज’ झालाच. ‘अन’ हा आजही जिवंत उपसर्ग आहे, कोणत्याही नव्या विशेषणाला तो लागतो. ‘इन’ नवे शब्द जवळपास घडवत नाही. तो बहुतेक जुन्या, तयार जोडीतच सापडतो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा नामांत आहे. ‘अनजस्ट’, पण नाम ‘इनजस्टिस’. ‘अनेबल’, पण ‘इनॲबिलिटी’. ‘अनईक्वल’, पण ‘इनइक्वॉलिटी’. विशेषण बाजारात गेले आणि बोलीचे झाले. नाम मात्र ग्रंथात, न्यायालयात, धर्मपीठात राहिले आणि त्याने लॅटिन पोशाख सोडला नाही.

व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक कसोटी सांगतो. शब्दाची सुरुवात पाहू नका, शेवट पाहा. ‘कम्प्लीट’ घ्या. विरुद्धार्थी ‘इनकम्प्लीट’, कारण ही जोडी लॅटिनमधून तयार आली. आता त्यालाच इंग्रजीचा स्वतःचा भूतकालवाचक ‘एड’ लावा : ‘कम्प्लीटेड’. शब्द इंग्रजी कारखान्यातून बाहेर पडला, म्हणून नकारही इंग्रजी : ‘अनकम्प्लीटेड’. तसेच ‘इनडिसायसिव्ह’, पण ‘अनडिसायडेड’. ‘इनडायजेस्टिबल’, पण ‘अनडायजेस्टेड’. शेवटी एड, इंग, फुल असला की बहुधा ‘अन’. शेवटी लॅटिन वळणाचा ‘इबल’ असला की बहुधा ‘इन’ : इनव्हिजिबल, इनक्रेडिबल. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच ‘इन’ किंवा ‘इम’ असेल, तर दुसरा ‘इन’ त्यावर बसत नाही. म्हणून अनइम्पॉर्टंट, अनइंटेलिजंट.

सीमारेषेवर मोठमोठे लोकही अडखळले आहेत. १७७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला, त्यात मानवी हक्कांना ‘इनएलियनेबल’ म्हटले होते. जो मजकूर छापला गेला त्यात ‘अनएलियनेबल’ आहे. वॉशिंग्टनमधल्या जेफरसन स्मारकाच्या भिंतीवर पुन्हा ‘इनएलियनेबल’ कोरलेले आहे. एका राष्ट्राच्या जन्मपत्रिकेत दोन्ही थर भांडताना दिसतात, आणि कुणीही जेफरसनला फळ्यापाशी उभे केले नाही.

आतापर्यंत प्रश्न वंशाचा होता. ‘डिस’ आणि ‘नॉन’ यांच्यात प्रश्न अर्थाचा आहे, आणि पाच रकान्यांनी सर्वांत मोठे नुकसान इथे केले आहे. कारण तिथे शिकवले जाते की पाचही उपसर्गांचा अर्थ ‘नाही’. लॅटिन ‘डिस’चा मूळ अर्थ ‘नाही’ नव्हेच. तो आहे ‘वेगळे, अलग’. जोडलेले तोडणे. म्हणून तो क्रियापदांना सहज लागतो : डिसकनेक्ट, डिसओबे, डिसॲग्री. ‘नॉन’ मात्र थंड आहे. तो फक्त वर्गवारी करतो : हे त्या वर्गात नाही, बस.

इतिहासातले उदाहरण आपल्या दाराशी आहे. १९२०चे आंदोलन ‘नॉन-कोऑपरेशन’, १९३०चे ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’. दोन्हींना ‘विरोध’ म्हणून मोकळे होणारी उत्तरे मी विद्यापीठाच्या परीक्षेतही पाहिली आहेत. पहिल्यात सहकार्य काढून घ्यायचे होते : सरकारी शाळा, न्यायालये, पदव्या सोडायच्या, म्हणजे त्या व्यवस्थेत नसणे. दुसऱ्यात अस्तित्वात असलेला कायदा उघडपणे मोडायचा होता. मिठाचा कर आहे, म्हणून मीठ उचलायचे. मराठीने हा भेद नेमका टिपला. पहिल्याला ‘असहकार’ म्हटले, दुसऱ्याला ‘सविनय कायदेभंग’. ‘डिस’साठी ‘अ’ पुरणार नाही, ‘भंग’च हवा, हे ज्यांना उमगले त्यांचे इंग्रजी पाठांतराचे नव्हते.

‘नॉन’ आणि ‘अन’ यांतले अंतर पाहायचे असेल तर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १९३८ साली नेमलेली समिती आठवा. तिच्या नावात ‘अन-अमेरिकन’ हा शब्द होता. तुम्ही-मी ‘नॉन-अमेरिकन’ आहोत, ती केवळ नोंद झाली. ‘अन-अमेरिकन’ हा आरोप आहे, आणि तो अमेरिकी नागरिकावरच होत असे.

एक चूक मात्र मला खरोखर डाचते. बांधकामावरचे मजूर, घरकामगार, फेरीवाले यांना इंग्रजी कायद्यात ‘अनऑर्गनाइज्ड’ म्हणतात. २००८च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या नावातच तो शब्द होता. अनेक निबंधांत, एकदा तर एका चर्चासत्राच्या छापील पत्रिकेत, मी त्याजागी ‘डिसऑर्गनाइज्ड’ वाचले. पहिल्याचा अर्थ असंघटित : ज्यांच्या रोजगाराला औपचारिक चौकट नाही. दुसऱ्याचा अर्थ विस्कळीत, गबाळ. पहाटे पाचला नाक्यावर हजर राहणाऱ्या बाईला आपण एका उपसर्गाने गबाळी ठरवतो. ‘अनसॅटिस्फाइड’ आणि ‘डिससॅटिस्फाइड’ यांतही असेच अंतर आहे : एकात गरज भागलेली नाही, दुसऱ्यात माणूस नाराज आहे.

अपवाद आहेतच, ते लपवत नाही. महामार्गावर टँकरच्या मागे ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेले असते. तिथला ‘इन’ नकाराचा नव्हे, तो लॅटिनचा दुसरा ‘इन’, अर्थ ‘आत’. पदार्थ पेट घेणारा आहे, न पेटणारा नव्हे. ‘अनडू’, ‘अनलॉक’मधला ‘अन’ही वेगळ्याच मुळाचा, केलेली क्रिया उलटवणारा. एकाच वेशात दोन माणसे फिरतात, तेव्हा ओळख विचारावी लागते. पण ती विचारता येते, आणि उत्तरही मिळते. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने विचारलीच होती.