पाचरीची रेघ आणि व्हॉल्यूमची साक्ष

एखादा शेअर दोन-तीन महिने सावकाश वाढतो आहे. दर वेळी खाली आला की आधीच्या तळाच्या वरच थांबतो, वर गेला की नवा उच्चांक करतो. असा आलेख पाहून बहुतेकांना खरेदीची ऊर्मी येते. आलेख वाचण्याची सवय असलेला माणूस मात्र आधी एक गोष्ट तपासतो: तळ ज्या वेगाने वर सरकतात, त्याच वेगाने शिखरेही सरकत आहेत का?

तळ झपाट्याने वर येत असतील आणि शिखरे रडतखडत वाढत असतील, तर तळांना जोडणारी रेघ शिखरांच्या रेघेपेक्षा जास्त चढी निघते. दोन्ही रेघा वरच जातात, पण एकमेकींच्या जवळ येत जातात. या आकृतीला ‘रायझिंग वेज’ म्हणजे चढती पाचर म्हणतात. दोन्ही रेघा खाली उतरत असतील आणि वरची रेघ जास्त वेगाने उतरत असेल, तर ती ‘फॉलिंग वेज’ म्हणजे उतरती पाचर. त्रिकोणाशी पाचरीची गल्लत होते, पण त्रिकोणात एक रेघ आडवी असते किंवा दोन्हींच्या दिशा उलट असतात. पाचरीत दोन्ही रेघांची दिशा एकच असते. रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि जॉन मॅगी यांच्या 1948च्या पुस्तकातही या आकृत्यांचे वर्णन आहे. चढती पाचर बहुधा खाली फुटते आणि उतरती बहुधा वर, हे निरीक्षणही त्यात आहे.

असे उलटे का व्हावे, हे एका काल्पनिक शेअरवर पाहू. पहिला तळ 400 रुपयांचा. बाराव्या सत्रात भाव 455 पर्यंत चढला. पंचविसाव्या सत्रात तो 425 वर थांबला आणि पस्तिसाव्यात 464 ला गेला. पुढचा तळ पंचेचाळिसाव्या सत्रात 445 चा आणि शिखर पंचावन्नाव्यात 472 चे. पहिली चढाई 55 रुपयांची होती, दुसरी 39 ची, तिसरी 27 ची. खरेदीदार अजून हजर आहेत, खालच्या भावाला माल मिळत नाही म्हणून ते वरच्या भावाला घेत आहेत. पण वर पोचल्यावर विकणारे ठाण मांडून बसले आहेत आणि दर फेरीत त्यांना फक्त आठ-नऊ रुपयेच जास्त द्यावे लागतात. नव्याने घेणाऱ्याच्या वाट्याला येणारा फायदा असा आक्रसत जातो.

आता रोजचा व्हॉल्यूम, म्हणजे हात बदललेल्या शेअरची संख्या पाहू. समजा, पहिल्या चढाईत तो सरासरी 12 लाख होता, दुसऱ्यात 8 लाख आणि तिसऱ्यात 5 लाख. भाव उच्चांक करतो आहे, पण त्या भावाला घ्यायला पुढे येणारी माणसे कमी होत आहेत. पाचरीची खरी ओळख इथे पटते. रेघा जवळ येत असूनही प्रत्येक चढाईत व्हॉल्यूम वाढत असेल, तर ती आकृती पाचरीसारखी दिसली तरी तिच्यावर उलट्या दिशेचा डाव मांडू नये.

भूमितीचा भाग याहून महत्त्वाचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. आपल्या उदाहरणात तळांची रेघ दर सत्राला एक रुपयाने चढते. साठाव्या सत्रात ती 460 वर आहे. समजा, भाव 472 वरून मागे येऊन तिथेच टेकला आणि पुढची तीन सत्रे 460 लाच थांबला. त्रेसष्टाव्या सत्रात रेघ 463 वर गेलेली असेल. भाव एक पैसाही पडला नाही, तरी पाचर खाली फुटली! पाचरीत टिकायचे तर भावाला सतत चढत राहावे लागते. नुसता दम खायला थांबला तरी तो बाहेर पडतो. पाचर आपल्या दिशेविरुद्ध फुटते, या निरीक्षणाचा काही वाटा असा निव्वळ रेघेच्या चढणीतून येतो.

उरलेला वाटा स्टॉप-लॉसचा, म्हणजे ठरावीक भावाखाली आपोआप विक्री करणाऱ्या ऑर्डरींचा असतो. भाव वाढतो तसे लोक आपले स्टॉप-लॉस वर सरकवतात आणि ते रेघेच्या किंवा शेवटच्या तळाच्या जरा खाली गर्दी करून बसतात. 445 तुटला की या ऑर्डरी एकापाठोपाठ सुटतात आणि समोर खरेदीदार तर आधीच विरळ झालेले असतात. म्हणून रेघ तुटणे ही सूचना मानावी आणि शेवटच्या तळाखालचा बंद भाव हा पुरावा. पुराव्यासाठी थांबायची किंमत या उदाहरणात पंधरा-सोळा रुपये आहे. खोट्या इशाऱ्यांचा त्रास पाहता मला ती रास्त वाटते. त्यापुढे पाचर जिथून सुरू झाली तो भाव, इथे 400, हे नेहमीचे लक्ष्य धरतात. वाटेत भाव अनेकदा तुटलेल्या रेघेकडे एकदा परत येतो. ही परतफेरी कमी व्हॉल्यूमवर झाली, तर घसरणीचा अंदाज बळावतो.

उतरत्या पाचरीत हीच भूमिती उलटी चालते. वरची रेघ वेगाने खाली येत असल्यामुळे विक्रेते थकले आणि भाव नुसता स्थिरावला, तरी तो रेघेच्या वर निघतो. मात्र इथे व्हॉल्यूमचा निकष बदलतो. भाव पडायला खरेदीदार नसणे पुरते. वाढायला मात्र कोणीतरी पैसे घेऊन पुढे यावे लागते. त्यामुळे चढती पाचर कमी व्हॉल्यूमवर फुटली तरी ती गंभीर असू शकते. उतरती पाचर कमी व्हॉल्यूमवर फुटली, तर भाव बहुधा बराच काळ आडवा रेंगाळतो. आधीच्या वीस सत्रांच्या सरासरीच्या साधारण दीडपट व्हॉल्यूम ही अनेकांची कामचलाऊ पट्टी आहे.

व्हॉल्यूमचे आकडेही नीट पारखून घ्यावे लागतात. एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराने एकगठ्ठा विक्री केली किंवा तिमाही निकाल त्याच दिवशी लागले, तर स्तंभ उंच दिसतो, पण त्याचा पाचरीशी संबंध असेलच असे नाही. शेअरचे विभाजन झाल्यावर जुने आकडे सुधारून घेतलेले नसतील, तर आधीचा व्हॉल्यूम उगाच कमी भासतो. निफ्टीसारख्या निर्देशांकाची तर थेट खरेदी-विक्रीच होत नाही. त्याच्या आलेखाखालचा व्हॉल्यूम त्यातल्या शेअरचा आहे की फ्युचर्सचा, हे आधी पाहावे.

रेघा मारणाऱ्याचा हातही निर्दोष नसतो. दोन-दोन बिंदू जोडून कुठेही पाचर काढता येते, म्हणून दोन्ही रेघांना मिळून किमान पाच स्पर्श असावेत. टोकापर्यंत रेंगाळलेली पाचरही सोडून द्यावी. वाटेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास फुटणारी जास्त विश्वासाची. आणि 472 च्या वर मोठ्या व्हॉल्यूमसह भाव बंद झाला, तर चढत्या पाचरीचा अंदाज चुकला असे धरून बाजूला व्हावे.

आपल्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला रोखीच्या बाजारात हाती नसलेला शेअर विकून व्यवहार सहसा दुसऱ्या दिवसावर नेता येत नाही. त्यासाठी बहुधा फ्युचर्सकडे वळावे लागते. सेबीच्या 2024च्या अभ्यासानुसार फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत मिळून तीन वर्षांत दहापैकी नऊहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. त्यामुळे चढत्या पाचरीचा सामान्य वाचकाला खरा उपयोग एकच: हातातला शेअर कधी हलका करायचा, हे ठरवणे.