शब्दकोशात नाही, म्हणून मार्क कापले!

आपल्या भागातल्या एका निबंध स्पर्धेत नववीतल्या पोराने ‘व्हिडिओ व्हायरल झाला’ असं लिहिलं. परीक्षकांनी लाल रेघ मारली, ‘शब्दकोशात नाही’ असा शेरा दिला आणि दोन मार्क कापले. त्यात पोराचा नंबर गेला. गुरुजी, कुठला कोश उघडला होता?

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश असेल, तर त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये छापले गेले. त्यात हा शब्द येणार कुठून? कोशकार शब्दाला परवानगी देत नाही. लोक काय वापरतात त्याची तो नोंद करतो, तीही पुरावा बघून.

पुरावा म्हणजे छापील किंवा लिखित वापर, तारखेसकट. एकाच लेखकाचा दहा वेळा केलेला वापर चालत नाही. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी आणि काही वर्षं सलग वापरलेला हवा, अर्थही एकच निघायला हवा. ‘व्हायरल’ला लावून बघा. पेपरात आहे, पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आहे, आमच्या आईच्या तोंडीसुद्धा आहे! ‘व्हायरल होणे’, ‘व्हायरल करणे’ अशी मराठी क्रियापदंही त्याने जोडून घेतली. ती याच शब्दाच्या पोटात जातील, स्वतंत्र नोंद लागणार नाही. जसं ‘गेला’ बघायला ‘जाणे’ उघडावं लागतं, ‘घोड्याला’ बघायला ‘घोडा’.

आता अर्थ कुठला आधी? डॉक्टरांचा ‘व्हायरल ताप’ जुना, व्हिडिओवाला नवा. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश जुना अर्थ आधी देतो. रोजच्या वापराचे बरेच कोश जास्त चालणारा अर्थ आधी घेतात. म्हणून पहिल्या नंबरचा अर्थ ‘खरा’ आणि बाकीचे खोटे, असं समजणाऱ्यांनी आधी कोशाची प्रस्तावना वाचावी. (ती कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे.)

आणि कोशात छापलं म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्द कधी नव्हताच! १९३१ च्या एका चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’ लिहिलं होतं. म्हणजे मोठा किंवा छोटा ‘डी’ हे घनतेचं संक्षिप्त रूप. ती अक्षरं कोणीतरी एकच शब्द म्हणून वाचली. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं, कारण नोंदीत व्युत्पत्तीच नव्हती. म्हणजे कोणी न वापरलेला शब्द पाच वर्षं कोशात ऐटीत बसला होता. आमच्या पोराचा सगळ्यांच्या तोंडात असलेला शब्द मात्र चूक!

गुरुजी, ‘व्हायरल’ नको असेल तर ‘निबंधाला शोभत नाही’ असा शेरा द्या, त्यावर भांडता येईल. कोशाच्या आड लपू नका. आणि त्या पोराचे दोन मार्क परत द्या.