पंचवीस घरांचा ताळेबंद

नारपोलीतील एका शाळेच्या वार्षिक अंकासाठी ‘कापड’ या विषयावर शब्दकोडे रचायचे होते. पाचवीच्या मुलांसाठी पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरे पुरेशी ठरली. कोडे सोडवणारे घरोघरी असतात. ते रचले कसे जाते, ते मात्र सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून ही हकिगत.

शब्दकोड्याची जाळी अर्धे वर्तुळ फिरवली, तरी काळी घरे जागच्या जागी दिसली पाहिजेत. पाच ओळींच्या जाळीत हिशेब सोपा आहे. कोणत्याही घराच्या जोडीदाराची ओळ मिळवण्यासाठी मूळ ओळीचा आकडा सहातून वजा करावा, आणि स्तंभाचेही तसेच करावे. पहिल्या ओळीतील चौथे घर पांढरे असेल, तर पाचव्या ओळीतील दुसरे पांढरे हवे. म्हणून विषयाचे शब्द समान लांबीच्या जोड्यांनी घ्यावे लागतात. ‘विणकर’ आणि ‘यंत्रमाग’ हे दोन्ही चार अक्षरी, जोडी जमली.

येथे अक्षर म्हणजे मात्रा, अनुस्वार व जोडाक्षर यांसह एक घर. ‘यं’ एक घर, ‘त्र’ एक घर. त्यामुळे छेदाच्या घरात ‘क’ आणि ‘का’ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आडव्या-उभ्या शब्दांचे अक्षर काना-मात्रेसह जुळावे लागते.

आता वर कोणता शब्द ठेवायचा? ‘विणकर’ तळाला ठेवला, तर त्याच्या ‘वि’वर वरून उतरणारे नाम ‘वि’ने संपावे लागेल. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपासून आपण ‘कवी’, ‘रवी’ असे दीर्घान्त लिहितो. तेव्हा ‘विणकर’ वर, ‘यंत्रमाग’ खाली. पण वरच्या ओळीतील ‘ण’खालीही काळे घर आलेच, कारण मराठी शब्द ‘ण’ने सुरू होत नाही. आपल्या वाचकांना ‘णमोकार’ आठवेल. परंतु तो प्राकृत, आणि या जाळीत मावणाराही नाही.

मधल्या ओळीत तीन अक्षरी शब्द हवा होता. त्याच्या पहिल्या अक्षरापासून खाली ‘त्र’पर्यंत एक शब्द जायचा, आणि ‘विणकर’मधील ‘क’पासून त्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत दुसरा यायचा. ‘कापड’ घेतला, तर ‘का’ आणि ‘त्र’ यांच्यामध्ये काही बसेना. ‘चरखा’ घेतल्यावर खाली ‘चरित्र’ सुरेख उतरले. वर मात्र ‘क’ आणि ‘खा’ यांच्यात खिंडार राहिले. एक बाजू जुळून भागत नाही, हे दुकानाची खतावणी लिहिणाऱ्यांना सांगायला नको! शेवटी ‘सदरा’ने दोन्ही बाजू मिळवल्या: वर ‘कचरा’, खाली ‘सर्वत्र’.

■ वि ण क र
■ ■ ■ च ■
■ स द रा ■
■ र्व ■ ■ ■
यं त्र मा ग ■

पान उलटे धरून काळी घरे तपासावीत. पंचवीसपैकी बारा काळी आहेत. मोठ्यांच्या कोड्यात इतकी शोभणार नाहीत. शिवाय ‘विणकर’ला एकच छेद मिळतो, तेव्हा ज्या शब्दाला छेदांचा आधार थोडा, त्याची सूचना अधिक नेमकी हवी.

सूचनांमध्ये पहिली दक्षता अशी, की एका सूचनेने दुसरे उत्तर फोडू नये. ‘विणकर’साठी ‘यंत्रमागावर कापड काढणारा’ लिहिले, की तळची ओळ फुकट गेली. ‘ताण्यात बाणा भरणारा कारागीर’ हे बरे. नारपोलीच्या मुलाला ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही. ‘यंत्रमाग’ला ‘विजेवर चालतो, धोटा पळवतो’. नव्या बिनधोट्याच्या यंत्रांचा मुलगा कदाचित हरकत घेईल, म्हणून शेवटी ‘विजेवर चालणारे विणाईचे यंत्र’ एवढेच ठेवले.

‘सर्वत्र’ अव्यय आहे, म्हणून सूचनाही अव्ययाचीच: ‘जिकडेतिकडे’. येथे एक गोम आहे. ‘चौफेर’ही तीन अक्षरी आणि अर्थानेही चालणारा. कोडे तरीही न्याय्य राहते, कारण ‘सदरा’चा ‘स’ आणि ‘यंत्रमाग’चा ‘त्र’ चौफेरला बाहेर काढतात. हे छेद नसते, तर सूचना बदलावी लागली असती. ‘कचरा’ला ‘घंटागाडी हा नेते’. ‘सदरा’साठी ‘अंगात घालायचा कपडा’ फार सैल होता. ‘कुडता’, ‘पैरण’ हेही त्यात बसतात. म्हणून लिहिले, ‘गोष्टीतल्या सुखी माणसाजवळ हा नव्हता’. ती गोष्ट वर्गात सर्वांना ठाऊक आहे का, हे मात्र बाईंना आधी विचारून घेतले.

क्रमांक अखेरीस घालावेत, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ‘विणकर’ एक, ‘कचरा’ दोन, ‘सदरा’ व ‘सर्वत्र’ एकाच घरातून निघतात म्हणून दोघांना तीन, आणि ‘यंत्रमाग’ चार. मग उत्तरे न पाहिलेल्या एखाद्या मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि तो कोठे खोडरबर उचलतो, ते पाहावे.