जुळलं सगळ्यांशी, बोलणं कुणाशीच नाही

गेल्या शनिवारी बोरिवलीच्या एका मित्राकडे बसलो होतो. आमच्यासारखाच कोडर, वय ३१, डेटिंग अ‍ॅपवर दोन वर्षं. त्याने फोन माझ्यापुढे धरला, "बघ, एकोणीस मॅच. आणि चॅट? शून्य. मुलींना फक्त टाइमपास हवा असतो रे."

मी विचारलं, "तू किती जणींना मेसेज केलास?"

गप्प. मग म्हणाला, "दोघींना."

म्हणजे बाकी सतरा जणींच्या बाजूने बघितलं तर टाइमपास करणारा हाच! पण साहेबांना ते मान्य नव्हतं. त्याची पद्धत अशी की प्रत्येक फोटो उजवीकडे ढकलायचा, कोण परत ढकलतं ते बघायचं आणि मग निवांत निवड करायची. "वेळ वाचतो ना यार," हे त्याचं समर्थन. हा सल्ला मी ऑफिसात, सेकंड क्लासच्या डब्यात, कट्ट्यावर, सगळीकडे ऐकलाय. माझं मत स्पष्ट आहे: हा सल्ला भंपक आहे. आणि 'सगळ्यांशी मॅच, पण बोलणं नाही' ही जी जमात आहे, ती बहुतांशी याच सल्ल्याची पैदास आहे.

आधी घडतं काय ते बघू. मित्राने समजा शंभर जणींना लाईक केलं. त्याने वाचलं काहीच नाही, नुसता अंगठा चालवला. त्यातल्या तिघींनी त्यालाही लाईक केलं. आता तो पहिल्यांदा त्यांचं प्रोफाइल *वाचतो*. एकीला वर्षभरात लग्न करायचंय, याला नाही. दुसरी राहते पनवेलला. तिसरी बरी वाटते, पण तेवढ्यात स्टँड-अप मीटिंग सुरू होते, आणि रात्रीपर्यंत तिच्यावर नवीन फोटोंचा ढीग पडलेला असतो. नकार द्यायचाच होता, तो फक्त मॅचच्या आधी न देता नंतर दिला, आणि तोही न सांगता. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटवर व्हॅलिडेशन नाही, सगळा कचरा डेटाबेसात, आणि साफसफाईचा जॉब कधी चालवलाच नाही.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गॅरेथ टायसन आणि सहकाऱ्यांनी टिंडरवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये बनावट प्रोफाइलं उघडली आणि आसपासच्या झाडून सगळ्यांना लाईक केलं. पुरुषाच्या प्रोफाइलला शंभरात एकसुद्धा मॅच मिळेना (०.६ टक्के), बाईच्या प्रोफाइलला साधारण १० टक्के मिळाले. पण खरी गंमत पुढे आहे. मॅच झालेल्या पुरुषांपैकी मेसेज पाठवला फक्त ७ टक्क्यांनी आणि बायकांपैकी २१ टक्क्यांनी. पुरुषांच्या मेसेजची मध्यक लांबी १२ अक्षरं, बायकांची १२२. 'हाय, कशी आहेस' लिहिलं की पुरुषांचा कोटा संपला :-) शहरं परकी आहेत, वर्षंही बरीच झाली, त्यामुळे हे आकडे अंधेरीला जसेच्या तसे लावू नका. पण त्यामागचं यंत्र ओळखीचं वाटतं की नाही?

त्याच अभ्यासात एक दुष्टचक्र मांडलंय. पुरुषांना मॅच कमी मिळतात म्हणून ते चाळणी सैल करतात. त्यामुळे बाईने जवळपास कुणालाही लाईक केलं तरी मॅच होतोच. मग ती चाळणी आणखी बारीक करते, म्हणून पुरुष आणखी सैल सोडतात.

आता यात 'मॅच' या शब्दाची किंमत काय उरली? जो सगळ्यांना हो म्हणतो, त्याच्या 'हो'मधून शून्य माहिती मिळते. आपल्याकडे स्थळ बघायला जायचे तेव्हा होकाराला खर्च होता. मुलाकडचे चार जण सुट्टी काढून, दोन गाड्या बदलून कांदेपोहे खायला यायचे. त्या पद्धतीचे दोष मला ठाऊक आहेत, तिची आरती ओवाळायची नाही. पण निदान तिथे 'आम्ही आलोय' याचा काहीतरी अर्थ होता. इथे 'हो'ची किंमत एका अंगठ्याएवढी, म्हणून तो खिरापतीसारखा वाटला जातो.

आमच्या ऑफिसातली एक सहकारी मुलुंडहून येते. ती म्हणाली, "मॅच झाला की मी थांबते. त्याने खरंच वाचलंय की नुसता ढकलतोय, ते पहिल्या मेसेजवरून कळतं. बहुतेक वेळा मेसेज येतच नाही." म्हणजे ती थांबलीय पुराव्यासाठी, आणि आमचा मित्र थांबलाय तिच्या उत्साहासाठी. दोघांच्या यादीत एकमेकांची नावं, आणि दोघंही एकमेकांना 'न बोलणारे' म्हणतायत. डेडलॉक!

आता मित्राचा मुद्दा मी टाळत नाही. मॅच इतके कमी मिळत असतील तर जाळं मोठं टाकणं गणिताने बरोबर नाही का? मॅचची संख्या मोजायची असेल तर आहे. पण त्याला मॅच हवेत की भेट? फुकट खात्याला लाईकची मर्यादा असते. समोर आलेल्या पहिल्या फोटोंवर ती उधळली, तर रात्री खरंच आवडणारी मुलगी दिसेल तेव्हा खिसा रिकामा.

मग तुम्ही काय करायचं? मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली: पहिलं वाक्य मनात तयार नसेल तर लाईक करू नका. तिने लिहिलंय की येऊरला पक्षी बघायला जाते, तर त्याबद्दल विचारण्यासारखं काय आहे ते आधी ठरवा. सापडलं नाही तर पुढे चला. मॅच झाला की तेच वाक्य त्याच दिवशी पाठवा.

दुसरी: अंतराला फसू नका. अ‍ॅप सरळ रेषेत मोजतं. बोरिवलीहून मुलुंड त्याला बारा-एक किलोमीटर दिसतं, पण मधे अख्खं नॅशनल पार्क आहे. ट्रेनने दादर करून जायचं तर पंचेचाळीसच्या आसपास. घाटकोपर-अंधेरी मेट्रोने वळसा कमी होतो, पण गाड्या दोनदा बदलाव्या लागतात. वर्किंग डेला हे जमणार नसेल तर ते मॅचच्या आधी मान्य करा, नंतर गप्प बसून नव्हे.

तिसरी: एक मेसेज, दोन-तीन दिवसांनी फार तर आणखी एक, मग अनमॅच. समोरचा गप्प का, याचा तपास करत बसू नका. सवयीने ढकललं असेल, नोटिफिकेशन बंद असेल, दुसरीकडे जमलं असेल, वाचून आवडलं नसेल. बाहेरून हे सगळं सारखंच दिसतं.

यातली शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. मित्र त्या एकोणीस गप्प चौकटींकडे बघून दोन वर्षं स्वतःला नापास समजत होता. पण ज्या होकाराला अर्थ नव्हता, त्याच्या नंतरच्या शांततेला कुठून अर्थ येणार? तिने तुम्हाला नाकारलं असं म्हणायला आधी तिने तुम्हाला निवडलेलं असायला हवं. आणि तुम्ही तिला निवडलं होतं का, हे तुमचं तुम्हाला माहीत!

निघताना त्याने उरलेल्या सतरा जणींची प्रोफाइलं वाचायला घेतली. बारा जणी त्याने स्वतःच काढून टाकल्या. पाच उरल्या. त्यातल्या एकीला मेसेज लिहायला पंचवीस मिनिटं घेतली पठ्ठ्याने. उत्तर आलं की नाही ते मी विचारलेलं नाही.

असो. तुमच्या यादीत किती जणी किंवा किती जण पडून आहेत, ते जरा मोजून बघा.